राज्य स्पर्धेला निवड झाली, आता कंपनीत सुट्टी कशी मागायची

आमच्या प्रेस शॉपच्या लाइनवर पंचवीसेक पोरं आहेत आणि त्यातली दोघं-तिघं कायम कबड्डीच्या मैदानावरची असतात. मी स्वतः सात-आठ वर्षं जिल्ह्याकडून खेळलो, गुडघा गेला तसं थांबलो, आता लाइन बघतो. म्हणजे सुट्टीचा अर्ज लिहिणारा पण मीच होतो आणि आता अर्ज घेणारा पण मीच आहे, त्यामुळे दोन्हीकडची गोची माहितीय. दर वर्षी राज्य अजिंक्यपद स्पर्धा जवळ आली की कुणीतरी नवीन पोरगा येतो, मोबाइलवर व्हॉट्सअॅपचा फोटो दाखवतो आणि म्हणतो, "सर, निवड झाली, परवा निघायचंय." परवा! आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं सांगा.

हे सगळं कबड्डी आणि कारखान्यातली नोकरी धरूनच लिहितोय, कारण मला तेच माहितीय. खोखो, कुस्ती, व्हॉलीबॉलवाल्यांना थोडाफार फरक करून चालेल.

आधी एक गोष्ट डोक्यात घ्या

प्रायव्हेट कंपनीत "खेळाची सुट्टी" असा कायद्याने मिळणारा वेगळा प्रकार नाही. काही मोठ्या कंपन्यांच्या पॉलिसीत स्पोर्ट्स लीव्ह असते, तुमच्या कंपनीत असेल तर उत्तम, एचआरला विचारून घ्या. सरकारी नोकरीत विशेष नैमित्तिक रजा असते, पण केंद्र सरकारच्या नियमात ती राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांसाठी आहे, वर्षाला 30 दिवसांपर्यंत. तुमच्या जिल्ह्याचा संघ दुसऱ्या जिल्ह्याशी खेळणार ती स्पर्धा त्यात आपोआप बसते असं समजून चालू नका, आस्थापना शाखेत विचारा. बाकी आपल्यासारख्यांना आपली स्वतःची पीएल किंवा सीएल वापरायची असते. म्हणजे निवडपत्र जोडलं म्हणून सुट्टी फुकट मिळत नाही. पत्राने एवढंच होतं की मागणी खरी आहे आणि तारखा तुमच्या हातात नाहीत हे साहेबाला पटतं. पोरं इथेच गोंधळतात, त्यांना वाटतं पत्र दिलं की काम झालं.

पीएलचा हिशोब असा की कारखान्यात 20 दिवस काम केलं की एक दिवस, आणि ती मिळायला वर्षात किमान दिवस भरावे लागतात. जुन्या कारखाने कायद्यात ती अट 240 दिवसांची होती, 2020 च्या कामगार संहितेत 180 केली आहे. दुकान, ऑफिस, आयटीवाल्यांना महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात, जिथे वीस किंवा जास्त माणसं आहेत तिथे, 2025 च्या दुरुस्तीआधी दहा होती, वर्षाला आठ सीएल पण आहेत, पण त्या तिमाहीला थोड्या थोड्या जमा होतात, म्हणजे जानेवारीतच आठ हातात नसतात. तेव्हा पहिलं काम म्हणजे टाइम ऑफिसमध्ये जाऊन किंवा पोर्टलवर बघून आपला बॅलन्स किती आहे ते लिहून घ्या. "असेल की चार-पाच" असं नको. गणपतीत गावाला जाऊन पीएल संपवून बसलेला पोरगा मी पाहिलाय, आणि मग राज्य स्पर्धेला विनापगार गेला.

पत्र येईपर्यंत थांबू नका

सगळ्यात महत्त्वाचं हेच. माझी स्वतःची पहिल्या वर्षाची चूक हीच होती. जिल्हा निवड चाचणी झाली, संभाव्य खेळाडूंच्या यादीत नाव आलं, मी म्हटलं पत्र हातात येऊ दे मग सांगू, उगाच नाव कटलं तर कंपनीत हसं होईल. पत्र आलं निघायच्या तीन दिवस आधी. मॅनेजर म्हणाला, माणूस नाही, जाऊ शकत नाहीस. मी गेलोच, पाच दिवस गैरहजेरी लागली, पगार कापला, वर कारणे दाखवा नोटीस. तेव्हा मॅनेजरला शिव्या घातल्या, पण आज त्याच्या जागी बसल्यावर कळतं की तीन दिवसांत 160 टनाच्या प्रेसवर बसवायला माणूस कुठून आणायचा.

जुना कायदा पण तेच सांगायचा. कारखाने कायद्यात पगारी रजेचा अर्ज किमान 15 दिवस आधी द्यायचा असं होतं, आणि बहुतेक कंपन्यांच्या सर्टिफाइड स्टँडिंग ऑर्डरमध्ये किंवा रजेच्या नियमात असाच काहीतरी आकडा असतो. आणि असोसिएशनचं पत्र 15 दिवस आधी येत नाही. कधीच नाही. जिल्ह्याची चाचणी होते, मग संभाव्य 20-22 जणांचं सराव शिबिर लागतं, शिबिराच्या शेवटी 12 जणांचा अंतिम संघ जाहीर होतो, आणि मग सचिव पत्रावर सही करायला भेटतात तेव्हा भेटतात. म्हणजे कंपनीला हवे 15 दिवस आणि पत्र येतं पाच-सहा दिवस आधी. हे अंतर आपण भरून काढायचं, दोन टप्प्यांत.

पहिला टप्पा म्हणजे पूर्वसूचना. चाचणी झाली, संभाव्य यादीत नाव आलं की दुसऱ्याच दिवशी लेखी द्या, कागदावर किंवा मेलवर. मेल असेल तर सुपरवायझरला, आणि कॉपीत एचआर. नुसतं तोंडी सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही, मला पण नाही आठवत, खोटं कशाला बोलू. मजकूर एवढाच पुरतो:

> साहेब, काल झालेल्या जिल्हा निवड चाचणीतून राज्य अजिंक्यपद कबड्डी स्पर्धेच्या संभाव्य खेळाडूंत माझी निवड झाली आहे. स्पर्धा 18 ते 21 तारखेला आहे. अंतिम संघ सराव शिबिरानंतर जाहीर होईल व अधिकृत निवडपत्र तेव्हा मिळेल. निवड झाली तर 17 ते 22 या काळात सुट्टी लागेल. माणसाची सोय करायला वेळ मिळावा म्हणून आधी कळवत आहे. निवड झाली नाही तर त्याच दिवशी सांगेन. संभाव्य यादीची प्रत जोडली आहे.

बघा, यात सुट्टी मागितलेली नाही, कळवलंय. "निवड झाली नाही तर सांगेन" हे वाक्य मात्र विसरू नका. साहेबाच्या डोक्यात हीच धास्ती असते की रिलीव्हर ठेवायचा आणि हा पठ्ठ्या कामावरच हजर.

राखीव म्हणून नाव असेल तर तेही खरं सांगा. वजनाच्या दिवशी कुणाचं वजन जास्त भरलं, वरिष्ठ पुरुष गटात 85 किलोची अट आहे, तर राखीवला आयत्या वेळी फोन येतो. असा फोन येऊ शकतो हे ज्याने आधी कळवलंय तो निघू शकतो, बाकीचे घरीच.

निवडपत्रात काय असायला हवं

आता पत्राकडे वळू. असोसिएशनकडून साधारणपणे जे मिळतं ते म्हणजे लेटरहेडवर बारा जणांची यादी, वर स्पर्धेचं नाव, खाली सचिवांची सही. ते संघासाठी असतं, तुमच्या मालकासाठी नाही. त्यामुळे जिल्हा असोसिएशनच्या सचिवांना किंवा संघ व्यवस्थापकाला आधीच, म्हणजे शिबिर चालू असतानाच सांगून ठेवा की मला कंपनीच्या नावाने वेगळं पत्र लागेल. ते देतात, त्यांच्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी मागतंच. कंपनीचं पूर्ण नाव, प्लँटचा पत्ता, "मा. मनुष्यबळ व्यवस्थापक" असं कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या, तोंडी सांगितलं तर स्पेलिंगची वाट लागते.

पत्र हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा. तुमचं नाव कंपनीच्या ओळखपत्रावर जसं आहे तसंच पूर्ण हवं. मैदानावर सगळे तुम्हाला ज्या नावाने हाक मारतात त्या नावाने पत्र आलं तर एचआरवाली मॅडम विचारणार, हा कोण? आमच्याकडे एका पोराच्या पत्रावर वडिलांचं नाव चुकलं होतं, आडनाव बरोबर, तेवढ्यावर दोन दिवस गेले.

नंतर तारखा. इथे नीट बघा कारण घोळ होतो तो इथेच. पत्रावर बहुतेक वेळा फक्त स्पर्धेच्या तारखा असतात, 18 ते 21. पण संघाला 17 ला दुपारी हजर राहायचंय, वजन आणि कागदपत्रं तपासायची असतात, आणि गाव लांब असेल तर 16 च्या रात्री निघावं लागतं. पत्रात फक्त 18 ते 21 असेल तर एचआर म्हणणार, मग तुला 17 आणि 22 कशाला पाहिजे? म्हणून सचिवांना सांगा की "संघ अमुक तारखेला रवाना होईल व अमुक तारखेला परत येईल" असं एक वाक्य टाका. या एका वाक्याने निम्मी वादावादी टळते.

सही आणि शिक्का दोन्ही पाहिजेत, जावक क्रमांक आणि पत्राची तारीख पण. आणि हो, पत्राखाली सचिवांचा किंवा कार्यालयाचा फोन नंबर असेल असं बघा, काही कंपन्या खरंच फोन करून विचारतात. करू देत, आपलं खरं आहे ना.

एक गोष्ट थोडी कडू आहे पण सांगतोच. आपल्याकडे गावोगावी मंडळं "भव्य राज्यस्तरीय कबड्डी स्पर्धा" भरवतात, बॅनरवर पाचपंचवीस नेत्यांचे फोटो, पहिलं बक्षीस अमुक हजार. त्या निमंत्रित स्पर्धा. त्यात तुम्ही तुमच्या क्लबकडून खेळता, जिल्ह्याकडून नाही, त्यामुळे तिथे निवड वगैरे काही नसते. क्लबच्या लेटरहेडवर "राज्यस्तरीय स्पर्धेसाठी निवड" असं लिहून आणलेलं पत्र एकदा चालून जाईल, पण ज्या दिवशी साहेबाला फरक कळेल त्या दिवसापासून तुमच्या खऱ्या पत्राची पण किंमत गेली. निमंत्रित स्पर्धेला जायचं असेल तर सरळ वैयक्तिक कामासाठी म्हणून सुट्टी घ्या. राज्य अजिंक्यपदाचं पत्र जिल्हा असोसिएशनचं असतं आणि स्पर्धा राज्य असोसिएशनच्या मान्यतेने होते, हा फरक अर्जात पण एका ओळीत लिहावा कारण एचआरला तो माहीत नसतो.

किती दिवस मागायचे

आता आमच्या एका पोराचा हिशोब सांगतो, तो पोरगा दोन नंबर शिफ्टला होता, तीन ते साडेअकरा. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. स्पर्धा गुरुवार 18 ते रविवार 21, बुधवारी 17 ला चार वाजेपर्यंत हजर व्हायचं, गाव विदर्भातलं, त्यामुळे संघाची गाडी मंगळवारी 16 ला रात्री नऊला निघणार. फायनल रविवारी रात्री, सोमवारी सकाळी निघून संध्याकाळी उशिरा घरी.

त्याने आधी सरळ 16 ते 22 अशी सात दिवसांची सुट्टी लिहून आणली. मी म्हटलं थांब. मंगळवारी 16 ला तुझी शिफ्ट तीनला सुरू होते आणि गाडी नऊला आहे, तर त्या दिवशी सुट्टी कशाला, पहिल्या शिफ्टच्या माणसाशी अदलाबदल कर, सात ते साडेतीन काम कर आणि मग घरी जाऊन बॅग भर. शिफ्ट बदलाचा फॉर्म वेगळा असतो, त्यावर दोघांच्या सह्या लागतात. बदली करणाऱ्याला त्याच्या गरजेच्या दिवशी तुम्ही उभं राहायचं, एवढं साधं देवाणघेवाणीचं आहे. मग 17 बुधवार सुट्टी, 18 गुरुवार साप्ताहिक सुट्टी, 19, 20, 21 सुट्टी, 22 सोमवार सुट्टी. म्हणजे गैरहजर सहा दिवस पण पीएल लागली पाच. 23 ला मंगळवारी पहिल्या शिफ्टला हजर.

मधली साप्ताहिक सुट्टी पीएलमध्ये धरायची नाही, कारखाने कायद्यात रजेच्या मधे किंवा कडेला आलेली सुट्टी रजेत मोजत नाहीत. पण ऑफिसवाल्या बऱ्याच कंपन्यांमध्ये सँडविच नियम असतो, दोन सुट्ट्यांच्या मधे आलेला रविवार पण कापतात. पोर्टलवर अर्ज भरताना किती दिवस वजा होतात ते शेवटी दिसतं, सबमिट दाबायच्या आधी तो आकडा बघा.

आणि साखळी सामन्यांचा विचार आधीच करून ठेवा. कबड्डीत आधी साखळी, मग बाद फेरी. साखळीत गार झालात तर शुक्रवारी रात्रीच स्पर्धा संपते, आणि मग सुट्टी 22 पर्यंत घेतलेली. म्हणून अर्जात लिहा की संघ आधी बाहेर पडला तर परतल्यावर लगेच हजर होईन आणि उरलेली सुट्टी रद्द करावी. पण कधी हजर व्हायचं ते पण ठरवून घ्या. शनिवारी संध्याकाळी घरी पोचलात तर रविवारी शिफ्टला या, त्यासाठी शनिवारी दुपारी मेसेज करा, म्हणजे रिलीव्हरला उगाच रविवारी बोलावलं जाणार नाही. न सांगता गेटवर जाऊन उभे राहिलात तर पंच होईल, पण काम कुठे द्यायचं तेच कळत नाही, हे पण झालंय.

शिबिराचं वेगळं बघा. शिबिर बहुतेक वेळा सकाळी लवकर आणि संध्याकाळी असं दोन वेळा असतं. सगळा आठवडा सुट्टी मागितली तर पीएल तिथेच संपेल. त्यापेक्षा त्या आठवड्यापुरती कायम पहिली शिफ्ट मागा, संध्याकाळचा सराव मिळतो, आणि सकाळचं प्रशिक्षकाशी बोलून घ्या. पहिली शिफ्ट मागणं हे साहेबाला सुट्टी देण्यापेक्षा सोपं असतं, माझ्यासकट.

अर्ज

पत्र मिळालं त्याच दिवशी अर्ज. आपल्या उदाहरणात चाचणी महिन्याच्या आदल्या रविवारी झाली, पूर्वसूचना सोमवारी 1 तारखेला गेली, पत्र 12 ला आलं, अर्ज पण 12 लाच. बुधवार 17 पासून मागे मोजलं तर पूर्वसूचना 16 दिवस आधी झाली, म्हणून कुणी "आयत्या वेळी सांगितलं" म्हणू शकत नाही.

> प्रति,
> मा. मनुष्यबळ व्यवस्थापक,
> (सुपरवायझरमार्फत)
>
> विषय: राज्य अजिंक्यपद कबड्डी स्पर्धेसाठी 17 ते 22 तारखेची पगारी रजा मिळण्याबाबत
>
> संदर्भ: माझी 1 तारखेची पूर्वसूचना
>
> महोदय,
> मी प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर असून माझा टोकन क्रमांक ____ आहे. राज्य अजिंक्यपद कबड्डी स्पर्धेसाठी जिल्ह्याच्या 12 जणांच्या अंतिम संघात माझी निवड झाली आहे. जिल्हा असोसिएशनचे निवडपत्र सोबत जोडले आहे. स्पर्धा 18 ते 21 असून पत्रात लिहिल्याप्रमाणे संघ 16 ला रात्री निघेल व 22 ला परतेल.
>
> 17, 19, 20, 21 व 22 अशी पाच दिवसांची पीएल मंजूर करावी. 18 ला साप्ताहिक सुट्टी आहे. माझ्या खात्यात आज ____ पीएल शिल्लक आहे. 16 ला पहिल्या शिफ्टसाठी बदलीचा फॉर्म वेगळा दिला आहे.
>
> माझ्या मशीनवर श्री. ____ काम करू शकतात, त्यांच्याशी बोलणे झाले आहे. संघ आधी बाहेर पडल्यास कळवून लगेच हजर होईन. परतल्यावर सहभाग प्रमाणपत्राची प्रत देईन.
>
> आपला,
> (सही, नाव, मोबाइल)
>
> सोबत: निवडपत्राची प्रत

यातली रिलीव्हरची ओळ ही माझ्या मते अख्ख्या अर्जातली सगळ्यात वजनदार ओळ आहे. "जिल्ह्याचं नाव उज्ज्वल करण्यासाठी" वगैरे लिहू नका, त्याने प्रेस चालत नाही. मशीनवर कोण बसेल ते लिहिलं की मंजुरीचं अर्धं काम तुम्हीच करून दिलंत. पण खरंच त्या माणसाशी बोला, आणि त्याला तुमच्या मशीनचं डाय सेटिंग, पहिल्या पीसची तपासणी हे एक दिवस दाखवा.

कागदी अर्ज असेल तर दोन प्रती काढा, एक द्या आणि दुसरीवर टाइम ऑफिसचा पोच शिक्का किंवा सही-तारीख घ्या. निवडपत्राची झेरॉक्सच जोडा, मूळ पत्र तुमच्या फाइलमध्ये. मूळ बघायला मागितलं तर दाखवा आणि परत घ्या. मेल किंवा पोर्टल असेल तर पत्र सरळ स्कॅन करून पीडीएफ बनवा, ट्यूबलाइटच्या खाली काढलेला वाकडा फोटो, ज्यात शिक्का अर्धा कापलाय, तो जोडू नका. फाइलला नाव द्या, म्हणजे नंतर सापडते, उदाहरणार्थ `Kabaddi_Nivadpatra_17-22.pdf`. व्हॉट्सअॅपवरून आलेली फाइल तशीच ढकलली की एचआरकडे आकड्यांच्या नावाच्या चाळीस फाइलींमध्ये तुमची एक.

ठेकेदारामार्फत असाल तर एक लक्षात ठेवा, तुमचा मालक कागदोपत्री ठेकेदार आहे. कंपनीच्या सुपरवायझरने "जा" म्हटलं म्हणजे सुट्टी मंजूर झाली असं नाही. अर्ज ठेकेदाराच्या नावाने द्या आणि प्रत सुपरवायझरला. पत्र पण ठेकेदाराच्या फर्मच्या नावाने घ्या. याच्यात बरेच जण फसतात, परत येतात तर गेटपास बंद.

नाही म्हटलं तर

होतं असं. महिनाअखेर, डिस्पॅचचं प्रेशर, आधीच दोघं सुट्टीवर. भांडू नका, पण तोंडी नकारावर पण सोडू नका. अर्जावरच नकाराचा शेरा मागा, किंवा मेलला उत्तर मागा. याचा उपयोग आहे. कारखाने कायद्यात मागितलेली पगारी रजा कंपनीने नाकारली तर ती पुढच्या वर्षी नेताना दिवसांची मर्यादा लागत नाही, नाहीतर 30 दिवसांच्या वर नेता येत नाही. पण नकार कागदावर नसेल तर तुम्ही मागितलीच नव्हती.

आणि लेखी मागितलं की बऱ्याचदा नकार मऊ पडतो. मग मधला मार्ग सुचवा. पाच दिवस नाही तर 19 ते 21 तीन दिवसांची पीएल आणि 17, 22 ला सी-ऑफ, किंवा पुढच्या दोन गुरुवारी कामावर येतो. आमच्याकडे एकदा असंच जमवलं होतं, दोन गुरुवार भरून दिले पोराने.

जे करू नका ते म्हणजे आजारी रजा टाकून खेळायला जाणं. सोपं वाटतं, ओळखीच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट मिळतं. पण राज्य स्पर्धेचे फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतात, लाइव्ह तर मोबाइलवरच चालू असतं, आणि प्लँटमधलं अर्धं पब्लिक ते बघत असतं. शिवाय खरंच गुडघा फिरला तर? ईएसआयमध्ये खेळताना झालेल्या दुखापतीसाठी पण आजारपणाचा लाभ मिळतो, पगाराच्या 70 टक्के, वर्गणीचे दिवस भरलेले असले की. पण ज्या तारखांना तुम्ही आधीच ताप आलाय म्हणून सर्टिफिकेट दिलंय त्याच तारखांना लिगामेंट फाटल्याचा कागद आणलात तर दोन्ही कागद संशयात.

परत आल्यावर

हजर झाल्या दिवशी पहिल्यांदा टाइम ऑफिस. रजिस्टरमध्ये किंवा पोर्टलवर तुमचे दिवस पीएल म्हणून लागलेत की गैरहजेरी म्हणून, ते बघून घ्या. मंजूर असूनही एंट्री चुकलेली मी डझनभर वेळा पाहिलीय, आणि ते पगाराच्या स्लिपवर कळतं तेव्हा महिना संपलेला असतो.

सहभाग किंवा प्रावीण्य प्रमाणपत्राची झेरॉक्स एचआरला द्या, अर्जात कबूल केलंत म्हणून. मूळ प्रमाणपत्र कुणालाही देऊ नका. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे करावी लागते, तिथे मूळच लागतं. निवडपत्राची, स्पर्धेच्या अधिकृत यादीची आणि कंपनीच्या रजा मंजुरीची प्रत त्याच फाइलमध्ये ठेवा, पडताळणीला कधी कोणता कागद मागतील सांगता येत नाही. माझ्या स्वतःच्या तिसऱ्या वर्षाचं प्रमाणपत्र एका एचआरच्या कपाटात गेलं ते गेलंच, तो माणूस पण नोकरी सोडून गेला आणि कपाटाची चावी पण.

आणि ज्याने तुमच्या मशीनवर पाच दिवस काढले त्याची पुढची सुट्टी कधी आहे ते विचारून शेड्यूलवर लिहून टाका, आमच्याकडे ते शेड्यूल पाण्याच्या पिंपाशेजारच्या फळ्यावर असतं, खडूने.